एकटा कवी आणि तळ्याकाठची फुले



‘रोमँटिक’ हा शब्द तुम्ही अनेकदा ऐकला असेल. सिनेमाच्या जाहिरातीत तो असतो. तेथे त्याचा अर्थ ‘प्रेमाची गोष्ट’ एवढाच असतो. पण साहित्याच्या अभ्यासात हा शब्द आला, की त्याचा अर्थ बदलतो. मराठीत या साहित्यप्रवाहाला ‘स्वच्छंदतावाद’ म्हणतात. ‘स्व’ म्हणजे आपला आणि ‘छंद’ म्हणजे आवड किंवा इच्छा. दुसऱ्याने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे न लिहिता आपल्या मनाच्या ओढीप्रमाणे लिहिणे, असा या शब्दाचा साधा अर्थ आहे. उर्दूत तुम्ही यालाच ‘रूमानी तहरीक’ किंवा ‘रूमानियत’ म्हणता.

परीक्षेत कधी कधी प्रश्न येतो : ‘ही कविता स्वच्छंदतावादी आहे असे का म्हणता येईल?’ पुष्कळ विद्यार्थी उत्तर लिहितात : ‘या कवितेत भावना आहे, निसर्ग आहे आणि व्यक्ती आहे, म्हणून ती स्वच्छंदतावादी आहे.’ हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. भावना तर मीर तकी मीर यांच्या गझलेतही आहे. निसर्ग कालिदासाच्या काव्यातही आहे. मग फरक कोठे आहे? फरक समजण्यासाठी या तीन गोष्टी कवितेत कोणते काम करतात, हे पाहावे लागते. आज आपण एकच कविता घेऊन ते पाहणार आहोत. ती कविता आहे इंग्रज कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ याची. ‘डॅफोडिल्स’ या नावाने ती ओळखली जाते. तुमच्यापैकी काहींनी ती इंग्रजीच्या तासाला वाचलीही असेल.

आधीची कविता कशी होती?

नवे काय घडले हे कळण्यासाठी जुने काय होते हे आधी माहीत हवे. अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात इंग्लंडमध्ये अलेक्झांडर पोप (१६८८–१७४४) या कवीचा मोठा दबदबा होता. त्याची कविता बुद्धीची, चतुराईची आणि शहरी समाजाची कविता होती. तो दोन दोन ओळींच्या जोड्या रचत असे आणि प्रत्येक जोडीत यमक जुळवीत असे. तुम्हांला गझलेचा मतला माहीत आहे. मतल्यात दोन्ही मिसऱ्यांचा काफिया जुळतो. सगळी कविता अशाच जोड्यांची बनली आहे, अशी कल्पना करा, म्हणजे पोपच्या रचनेचा अंदाज येईल. ती रचना अतिशय घोटीव आणि नेमकी असे.

पोपच्या मागून आलेल्या अनेक लहान कवींच्या हातात मात्र ही पद्धत साचेबंद झाली. कवितेसाठी एक वेगळी, नटवी भाषा तयार झाली. माशाला सरळ ‘मासा’ म्हणायचे नाही, ‘परांची प्रजा’ असे काहीतरी म्हणायचे, अशी रीत पडली. शेतकरी, मजूर, भिकारी यांचे साधे बोलणे कवितेत येऊ नये, असा समज होता. त्याच शतकात आपल्याकडे मोरोपंत (१७२९–१७९४) आर्या रचत होते. शब्दांवरची हुकमत आणि यमकांची कुशलता हे त्यांचेही मोठेपण होते. दोन देश वेगळे, भाषा वेगळ्या; पण दोन्हीकडे कवीची परीक्षा त्याच्या विद्वत्तेवर आणि कौशल्यावर होत असे.

मग काळ बदलला. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. राजा आणि सरदार यांच्याइतकीच साध्या माणसालाही किंमत आहे, हा विचार युरोपभर पसरला. इंग्लंडमध्ये यंत्रांवर चालणाऱ्या गिरण्या उभ्या राहत होत्या आणि खेड्यांतील माणसे शहरांकडे जाऊ लागली होती. अशा वेळी १७९८ मध्ये ‘लिरिकल बॅलड्‌स’ नावाचा एक छोटा कवितासंग्रह निघाला. पहिल्या आवृत्तीवर कवीचे नावही नव्हते. त्यातील कविता दोन मित्रांच्या होत्या : वर्ड्‌स्वर्थ आणि सॅम्युएल टेलर कोलरिज.

१८०० साली या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. तिला वर्ड्‌स्वर्थने प्रस्तावना लिहिली. तिच्यातील तीन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली गोष्ट अशी, की कवितेची भाषा माणसांच्या खऱ्या बोलण्याजवळची असावी. दुसरी अशी, की खेड्यातले, निसर्गाजवळचे साधे जीवन कवितेला योग्य विषय आहे, कारण तेथे माणसाच्या मूळ भावना अधिक स्पष्ट दिसतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कविता म्हणजे प्रबळ भावनेचे आपोआप वाहणे, असे तो म्हणतो. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. ती भावना पुढे शांतपणी आठवावी लागते आणि त्या आठवणीतून कविता जन्माला येते, असे तो पुढे सांगतो. हा दुसरा भाग अनेक विद्यार्थी विसरतात. तुम्ही तो लक्षात ठेवा. त्याचा आपल्याला लवकरच उपयोग होणार आहे.

त्या दिवशी काय घडले?

वर्ड्‌स्वर्थचा जन्म १७७० चा. उत्तर इंग्लंडमध्ये डोंगर आणि तळी यांचा एक प्रदेश आहे. त्याला ‘लेक डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. तेथेच ग्रासमिअर या गावी तो आपली धाकटी बहीण डोरोथी हिच्याबरोबर राहत होता. १५ एप्रिल १८०२ रोजी ही दोघे भावंडे अल्सवॉटर नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठाने पायी चालली होती. त्या दिवशी वारा फार जोराचा होता.

हे सर्व आपल्याला कसे कळले? डोरोथी रोजनिशी लिहीत असे. त्या दिवसाची तिची नोंद आज उपलब्ध आहे. ती लिहिते, की तळ्याकाठी आधी थोडीशी डॅफोडिल फुले दिसली. तळ्याच्या लाटांनी बी काठावर आणून टाकले असेल, असे दोघांना वाटले. पुढे जावे तशी फुले वाढत गेली. शेवटी काठाने एक लांबच लांब पट्टा दिसला; गाडीरस्त्याएवढा रुंद. काही फुलांनी दमून उशीवर डोके टेकावे तशी दगडांवर डोकी टेकली होती. बाकीची वाऱ्याबरोबर डुलत, झोके घेत, नाचत होती आणि जणू वाऱ्याशी हसत होती.

ही रोजनिशी गद्यात आहे. पण पाहा, फुलांचे नाचणे आणि हसणे तेथे आधीच आले आहे. वर्ड्‌स्वर्थने कविता लिहिली ती यानंतर सुमारे दोन वर्षांनी, १८०४ च्या सुमारास. ती १८०७ मध्ये छापली गेली. त्या वेळी तिची तीन कडवी होती. १८१५ मध्ये त्याने एक कडवे वाढवले आणि काही शब्द बदलले. आज आपण वाचतो ती हीच चार कडव्यांची, चोवीस ओळींची कविता.

आता तिचा आशय क्रमाने पाहू.

पहिल्या कडव्यात कवी सांगतो, की दऱ्याडोंगरांवरून तरंगणाऱ्या ढगासारखा मी एकटाच भटकत होतो. एकाएकी तळ्याकाठी, झाडांखाली सोनेरी डॅफोडिल फुलांची मोठी गर्दी दिसली. वाऱ्यावर ती फडफडत होती, नाचत होती.

दुसऱ्या कडव्यात तो म्हणतो, की आकाशगंगेतील ताऱ्यांसारखी ती अखंड पसरली होती. एका नजरेत दहा हजार फुले दिसली आणि ती सर्व माना डोलावीत नाचत होती.

तिसऱ्या कडव्यात शेजारच्या लाटाही नाचतात. पण आनंदात फुले त्यांच्यावर मात करतात. अशा आनंदी सोबतीत कवीला आनंद न होईल तरच नवल. तो पाहत राहिला. पण या देखाव्याने आपल्याला केवढी संपत्ती दिली आहे, हे त्या वेळी त्याच्या ध्यानात आले नाही.

चौथ्या कडव्यात जागा बदलते. कवी घरी आहे. तो कोचावर पडला आहे. मन कधी रिकामे असते, कधी विचारात बुडालेले असते. अशा वेळी ती फुले मनाच्या डोळ्यांपुढे चमकून जातात. एकांताचे हेच मोठे सुख आहे, असे तो सांगतो. मग त्याचे हृदय आनंदाने भरते आणि फुलांबरोबर नाचू लागते.

निसर्ग : सजावट की सोबती?

आता आपली पहिली कसोटी लावू. कवितेत निसर्ग आहे, हे दिसतेच. पण तो काय करतो?

येथे तुम्हांला उर्दू कवितेची मदत होईल. डॅफोडिल हे फूल नर्गिसच्या कुळातले आहे. वनस्पतिशास्त्रात दोन्ही ‘नार्सिसस’ या एकाच गटात येतात. उर्दू आणि फारसी गझलेत नर्गिस म्हणजे डोळा. प्रेयसीच्या धुंद डोळ्यांना कवी नर्गिस म्हणतो. कधी नर्गिस हा पाहू न शकणारा डोळा असतो. हा संकेत शेकडो वर्षांपासून चालत आला आहे. गझल लिहिणाऱ्या शायराला नर्गिस बागेत जाऊन पाहावी लागत नाही. ती त्याला परंपरेने मिळते. वाचकालाही तिचा अर्थ आधीच माहीत असतो. त्यातच त्या शेराची गंमत असते.

वर्ड्‌स्वर्थची फुले अशी नाहीत. ती एका ठरावीक तळ्याच्या काठी, एका ठरावीक वादळी दिवशी पाहिलेली आहेत. त्यांना आधीपासून ठरलेला अर्थ नाही. त्यांचा अर्थ कवितेतच तयार होतो. पाहून मिळालेला निसर्ग आणि परंपरेने मिळालेला निसर्ग, हा पहिला फरक झाला. यात एक श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ असे समजू नका. दोन्हींची रीत वेगळी आहे, एवढेच.

आता शब्दांकडे पाहा. फुलांना कवी ‘गर्दी’ म्हणतो, ‘सोबत’ म्हणतो. ती नाचतात, आनंदी होतात. हे सर्व शब्द माणसांच्या समाजाचे आहेत. उलट माणूस मात्र ढगासारखा आहे. दूर आणि उंच. म्हणजे फुले माणसांसारखी झाली आणि माणूस निसर्गातील वस्तूसारखा झाला. दोघांनी जणू आपापल्या जागा बदलल्या. म्हणून येथे निसर्ग हा मागचा पडदा नाही. तो कवितेतील दुसरे पात्र आहे. तुम्ही एक प्रयोग करून पाहा. कवितेतून फुले काढून टाका. मग काय उरते? एक एकटा माणूस, आणि त्याला सांगण्यासारखे काहीच नाही. फुले काढल्यावर कविता कोसळते. सजावट काढल्यावर घर कोसळत नाही. खांब काढल्यावर कोसळते.

भावना : ती नेमकी कोठे आहे?

दुसरी कसोटी भावनेची. ‘कवीला फुले पाहून आनंद झाला’ एवढे लिहून अनेक जण थांबतात. पण भावना कवितेत कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या वेळी घडते, हे शोधा.

त्यासाठी ‘नाचणे’ या एका क्रियापदाचा मागोवा घ्या. ते चारही कडव्यांत येते. पहिल्या कडव्यात फुले नाचतात. दुसऱ्यात त्यांच्या डोलणाऱ्या माना नाचतात. तिसऱ्यात लाटा नाचतात. चौथ्यात कवीचे हृदय नाचते. नाच बाहेर सुरू झाला आणि शेवटी आत आला. कवितेचा सगळा प्रवास या एका शब्दात सापडतो.

आता काळ पाहा. पहिली तीन कडवी मुख्यतः भूतकाळात आहेत : भटकत होतो, पाहिली, नाचल्या. चौथे कडवे वर्तमानकाळात आहे : पडतो, चमकतात, भरते, नाचते. व्याकरणातील हा बदल फार महत्त्वाचा आहे. तळ्याकाठी कवीला आनंद झाला, पण त्याची किंमत त्याला तेव्हा कळली नाही. हे त्याने तिसऱ्या कडव्याच्या शेवटी स्वतःच सांगितले आहे. ती कळली पुढे, घरी, कोचावर पडल्यावर, जेव्हा फुले समोर नव्हती. प्रस्तावनेतील तिसरी गोष्ट आठवा. भावना आधी येते आणि शांतपणी आठवल्यावर तिची कविता होते. ही कविता त्या विचाराचे उदाहरण आहे. म्हणून ‘स्वच्छंदतावादी कवी मनात येईल ते लगेच लिहितो’ असे लिहू नका. फुले पाहणे आणि कविता लिहिणे यांच्यामध्ये येथे दोन वर्षे गेली आहेत, आणि त्यानंतर अकरा वर्षांनीही कवी तिच्यात सुधारणा करीत होता.

व्यक्ती : ‘मी एकटाच होतो’ हे खरे का?

आता तिसरी आणि सर्वांत अवघड कसोटी. कविता ‘मी’ने सुरू होते आणि ‘मी’च्या हृदयापाशी संपते. हा ‘मी’ एकटा आहे. पण डोरोथीची रोजनिशी तर सांगते, की त्या दिवशी दोघे होते. तिने ‘आम्ही’ असे लिहिले आहे. मग कवी खोटे बोलतो का? आणि बहिणीवर हा अन्याय नाही का?

हा प्रश्न टाळू नका. तो योग्य प्रश्न आहे. दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या, तर उत्तर सापडेल.

रोजनिशी सांगते : त्या दिवशी काय घडले. कविता सांगते : त्या दिवसातून एका मनात काय उरले. तळ्याकाठी दोघे होते, पण आठवण ज्याची त्याची वेगळी असते. डोरोथीच्या मनात दगडांवर डोके टेकून विसावलेली दमलेली फुले राहिली. विल्यमच्या कवितेत एकही दमलेले फूल नाही. त्याची सर्व फुले नाचतात. एकाच दृश्यातून दोन मनांनी दोन चित्रे निवडली. एकेका मनाला असे महत्त्व देणे, हेच स्वच्छंदतावादाचे लक्षण आहे. म्हणून कवितेतील ‘मी’ म्हणजे हुबेहूब विल्यम वर्ड्‌स्वर्थ, असे समजू नये. तो कवितेसाठी घडवलेला ‘मी’ आहे. अनुभव आतून दाखवता यावा म्हणून त्याला एकटे केले आहे.

पण हिशेब येथे पूर्ण होत नाही. नाचणारी फुले डोरोथीच्या नोंदीत कवितेच्या आधी आली आहेत. शिवाय चौथ्या कडव्यातील ज्या दोन ओळींत मनाचा डोळा आणि एकांताचे सुख यांचा उल्लेख आहे, त्या ओळी कवीची पत्नी मेरी हिने सुचवलेल्या आहेत. या कवितेतील सर्वांत चांगल्या ओळी त्याच, असे वर्ड्‌स्वर्थनेच सांगून ठेवले आहे. म्हणजे एकांताची थोरवी सांगणारी ही कविता बहिणीची नजर, पत्नीचे शब्द आणि कवीची रचना अशा तिघांच्या हातून तयार झाली. कवितेतला ‘मी’ एकटा आहे, कविता लिहिणारा मात्र एकटा नव्हता. स्वच्छंदतावाद व्यक्तीला मोठे स्थान देतो. अशा वेळी त्या व्यक्तीच्या शेजारी कोण उभे होते, हे विचारणे वाचकाचे काम आहे. तसे विचारल्याने कवितेची गोडी कमी होत नाही, आणि डोरोथी व मेरी यांना त्यांचा वाटाही मिळतो.

प्रवाह म्हणजे गणवेश नव्हे

एक सावधगिरी बाळगा. एका काळातले सर्व कवी एकाच साच्यातले नसतात. हे कवी स्वतःला ‘रोमँटिक’ म्हणत नसत. हा गट आणि हे नाव पुढच्या अभ्यासकांनी पक्के केले. लॉर्ड बायरन (१७८८–१८२४) याचीही गणना याच प्रवाहात होते. पण तो पोपचा मोठा चाहता होता आणि वर्ड्‌स्वर्थची चेष्टा करीत असे. खुद्द मित्र कोलरिज यानेही १८१७ मध्ये छापलेल्या पुस्तकात या कवितेच्या शेवटाबद्दल तक्रार केली. मनाचा डोळा ही कल्पना फार मोठी आहे, आणि तिच्या मागोमाग फुलांबरोबर नाचणारे हृदय आल्याने उंचावरून एकदम खाली घसरल्यासारखे वाटते, असे त्याचे म्हणणे होते. तुम्हांला ते पटते की नाही, याचा विचार करा. म्हणून नुसत्या सालावरून किंवा कवीच्या नावावरून कविता प्रवाहात बसवू नका. साल फक्त शोधाची सुरुवात करून देते. पुरावा कवितेतच शोधावा लागतो.

आपल्या भाषांत

हा विचार पुढे आपल्या भाषांतही आला. मराठीत केशवसुत (१८६६–१९०५) यांनी इंग्रजी कविता वाचून मराठी कवितेला नवे वळण दिले. साधा माणूस आणि कवीचे स्वतःचे मन हे त्यांनी कवितेचे विषय केले. म्हणून त्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतात. उर्दूत अल्लामा इक्बाल (१८७७–१९३८) यांनी १९१० मधील आपल्या टिपणांत लिहून ठेवले आहे, की विद्यार्थिदशेत वर्ड्‌स्वर्थने त्यांना नास्तिकतेपासून वाचवले.

इक्बाल यांची ‘एक आरजू’ ही नज्म तुम्हांला ठाऊक असेल. ती ‘बांगे दरा’ (१९२४) या संग्रहात आहे. आपल्या तीन कसोट्या तिला लावून पाहू. ‘मी’ येथेही आहे. तो दुनियेच्या मैफिलींना कंटाळला आहे आणि डोंगराच्या पायथ्याशी एक लहानशी झोपडी मागतो आहे. निसर्ग येथेही सोबती आहे. पाखरांची आणि झऱ्याची संगत त्याला हवी आहे. भावना येथेही मनाच्या आतली आहे. तिन्ही कसोट्यांना नज्म उतरते. पण शेवट पाहा. वर्ड्‌स्वर्थचा ‘मी’ एकांतात सुखी होतो आणि कविता तेथेच थांबते. इक्बाल यांचा ‘मी’ एकांतात रडतो आणि त्या रडण्याने दुसऱ्यांची दुखरी मने हेलावावीत, झोपलेले जागे व्हावेत, अशी इच्छा करतो. तो माणसांपासून दूर जातो, पण शेवटी त्याचे मन माणसांकडेच वळते. एकाच प्रवाहाचे पाणी दोन वेगळ्या जमिनींतून वाहिले, की त्याची चव अशी बदलते.

उत्तर कसे लिहावे?

सुरुवातीचे अपुरे उत्तर आठवा. आता त्याच प्रश्नाचे हे उत्तर वाचा :

‘ही कविता १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे स्वच्छंदतावादाच्या काळातील आहे. तिच्यातील फुले परंपरेने आलेली नसून प्रत्यक्ष पाहिलेली आहेत आणि त्यांना कवीने सोबती मानले आहे. नाचणे हे क्रियापद फुलांपासून सुरू होऊन कवीच्या हृदयापर्यंत येते. आनंदाची खरी किंमत कवीला पुढे आठवणीत कळते, म्हणून शेवटचे कडवे वर्तमानकाळात आहे. कवितेतील मी एकटा आहे, जरी प्रत्यक्षात कवीबरोबर त्याची बहीण होती. कारण एका मनात काय उरले, हे सांगणे हा कवितेचा हेतू आहे.’

या उत्तरात ‘भावना’, ‘निसर्ग’ आणि ‘व्यक्ती’ हे शब्द एकदाही आले नाहीत. तरीही तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या, कारण प्रत्येक विधानामागे कवितेतील एखादा शब्द, एखादा काळ किंवा एखादी घटना उभी आहे.

स्वाध्याय

१. डोरोथीची रोजनिशी आणि वर्ड्‌स्वर्थची कविता यांतील दोन फरक तुमच्या शब्दांत लिहा.

२. ‘नाचणे’ हे क्रियापद प्रत्येक कडव्यात कोणासाठी आले आहे, ते क्रमाने लिहा.

३. गझलेतील नर्गिस आणि या कवितेतील डॅफोडिल यांत कोणता फरक आहे? पाच-सहा वाक्यांत सांगा.

४. ‘कवीने बहिणीला कवितेतून वगळले, हे योग्य केले का?’ या विषयावर वर्गात दोन गट करून चर्चा करा. दोन्ही बाजूंचे एकेक चांगले कारण वहीत लिहा.

५. तुमच्या उर्दू पुस्तकातील निसर्गावरची कोणतीही एक नज्म घ्या. तिच्यातून निसर्ग काढून टाकला, तर काय उरते, ते मराठीत लिहा.